डायरी घेऊ का अ‍ॅप?

प्रश्न: कोणताही प्लॅनर पंधरा दिवसांत बंद पडतो, वही बरी का अ‍ॅप?

आधी बघा कामं कशानं चुकतात. तारीख विसरून चुकत असतील तर अ‍ॅप, डायरी काही वाजत नाही. मी लातूरला कृषी केंद्रात बसतो, उधारीच्या तारखा डायरीत लिहायचो अन् डायरी गल्ल्यातच राहायची. आता तारखेचं तेवढं फोनच्या कॅलेंडरमदी, एक दिवस आधीचा अलार्म लावून, बाकी चार-पाच कामं खिशातल्या वहीत, कारण गिऱ्हाईक समोर असताना फोन काढला की माणूस व्हॉट्सअ‍ॅपमदीच गुंततो. एकच काम दोन्हीकडं लिहू नका. अन् तारखा छापलेली डायरी नको, चार पानं कोरी गेली की उघडूशी वाटत नाही, साध्या वहीत खंड पडला तरी पुढच्याच ओळीवर आजची तारीख टाकता येते.