राजीनाम्यात तारीख लिही, बाकीचं राहू दे

प्रिय मित्रा,

तुझा राजीनाम्याचा मसुदा वाचला. दीड पान आहे. पहिल्या प्रोजेक्टपासूनच्या आठवणी आहेत, तीन मॅनेजरांचे आभार आहेत, नव्या प्रॉडक्ट कंपनीचं नाव आहे, तिथलं काम कसं आव्हानात्मक आहे तेही आहे. शेवटी म्हणतोस, ‘शक्य तितक्या लवकर कार्यमुक्त करावे.’ शेवटचा दिवस कुठला, ते मात्र कुठेच नाही.

अरे, राजीनामा हा तारखेचा कागद आहे. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे कुणाला शक्य? तुला की त्यांना? ते ठरवायचं काम तू आपल्या हाताने एचआरला देऊन टाकलंस. उत्तरात नोटीस पिरियडच्या 90 दिवसांनंतरची तारीख येईल आणि तुला तक्रारीला जागा राहणार नाही, कारण तू काही मागितलेलंच नाहीस.

हिशोब करून बघ. समजा 3 जूनला राजीनामा टाकलास. तो दिवस धरून मोजलं तर नव्वदावा दिवस 31 ऑगस्ट, दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर 1 सप्टेंबर. नव्या कंपनीला तू 1 ऑगस्टला हवा आहेस. म्हणजे इथला शेवटचा दिवस 31 जुलै, आणि 3 जूनपासून मोजून 31 दिवस कमी पडतात. हे दिवस मॅनेजरने माफ केले तर उत्तम. नाही केले तर बायआउट, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे भरून सुटायचं, तेही तुझ्या कंपनीत तशी सोय असेल तर. पैसे बेसिकवर लागतात की ग्रॉसवर, ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं. बेसिक महिना 30,000 आणि ग्रॉस 75,000 धर, महिना 30 दिवसांचा धर. बेसिकवर 31,000 रुपये, ग्रॉसवर 77,500. ‘बायआउट आम्ही देऊ’ असं नवी कंपनी फोनवर म्हणाली असेल, तर कमाल किती आणि कधी, हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर घे. ते पैसे बहुतेकदा पगारातून येतात आणि त्यावर कर कापला जातो, हेही धरून चाल.

आता मजकूर. इंग्रजीतच लिहिशील, पण आशय एवढाच असू दे: मी आज, 3 जून रोजी, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. करारानुसार नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. मला 31 जुलै या दिवशी कार्यमुक्त करावे, ही विनंती. उरलेल्या दिवसांबाबत कंपनीच्या नियमाप्रमाणे तडजोड करण्याची माझी तयारी आहे. तोपर्यंत कामाचं हस्तांतर पूर्ण करीन. एक ओळ आभाराची. संपलं.

नव्या कंपनीचं नाव कशाला? ते लिहिलंस की चर्चा तुझ्या तारखेवरून तिथल्या पॅकेजवर घसरते. मग रिटेन्शनची बैठक, पुढच्या सायकलला प्रमोशन, ऑनसाइटचं गाजर. त्यात दोन आठवडे जातात आणि तारीख तशीच लटकलेली.

मी माझा राजीनामा चार ओळींत दिला होता. मॅनेजर दुखावला, शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही, आणि ते मला लागलं होतं. पुढेही लोक मला रुक्ष म्हणाले. म्हणू देत. कृतज्ञता मी समोर बसून सांगितली होती, कागदावर तारीख होती. त्याच सुमारास शेजारच्या टीममधल्या एकाने फार सुंदर पत्र लिहिलं होतं. त्याला तोंडी सांगितलं गेलं, ‘बघू, दोन महिन्यांत सोडू.’ त्याने त्या भरवशावर नव्या ठिकाणी होकार कळवला. मग मॅनेजर बदलला आणि नव्या मॅनेजरने विचारलं, हे लिहिलंय कुठे? तो कागद असता तर वाद उभाच राहिला नसता. यावरून मी हट्टी झालो असेन तर असो.

म्हणून क्रम सांगतो. सही केलेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय काही करू नकोस. मग मॅनेजरला आधी तोंडी सांग, त्याच दिवशी मेल कर आणि त्याच दिवशी पोर्टलवर नोंद कर. मोजणी कुठल्या दिवसापासून धरायची, यावर नंतर भांडण नको. पोर्टल शेवटचा दिवस आपोआप 90 दिवसांचा दाखवेल. शेऱ्याच्या रकान्यात तुझी तारीख लिही. होकार मिळाला की मेलवर माग, तोही तारखेसह. तो येईपर्यंत नव्या कंपनीला 1 ऑगस्ट पक्की सांगू नकोस. जॉइनिंग पुढे ढकलता येईल का, एवढंच विचारून ठेव. नोटीसमध्ये रजा घेतलीस तर काही ठिकाणी तेवढे दिवस पुढे वाढवतात, तेही पाहून घे.

आभाराचे परिच्छेद फेकू नकोस, शेवटच्या दिवशी टीमला पाठव. आत्ता आधी अपॉइंटमेंट लेटर शोध आणि नोटीसचं कलम मला जसंच्या तसं पाठव. बेसिक की ग्रॉस, ते कळल्याशिवाय 31 जुलै मागायची की नाही हेच ठरत नाही.