खुर्ची एकाची, फोटो दुसऱ्याचा

होमस्टेच्या खोलीच्या फोटोतली जुनी खुर्ची काढून तिथे वेताची खुर्ची बसवली. संदर्भ म्हणून इंस्टाग्रामवरचा एका दुकानाचा फोटो एआय एडिटिंग टूलला दिला होता. शेवटच्या चित्रात त्या फोटोचा एकही पिक्सेल नाही, मग कॉपीराइट कुठे आला?

दोन ठिकाणी आला. पहिलं ठिकाण सहसा लक्षातच येत नाही: तो फोटो उतरवून घेतला आणि टूलला चढवला, तेव्हाच त्याची प्रत झाली. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कलाकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हेही पुनरुत्पादनच. शेवटचं चित्र कसंही दिसो, ही प्रत आधीच झालेली असते.

दुसरं ठिकाण म्हणजे शेवटचं चित्र. इथे पिक्सेल मोजू नका. फोटोग्राफरचं त्या फोटोत काय होतं ते बघा. खुर्चीचा आकार त्याचा नाही. पण कॅमेरा कुठल्या उंचीवर ठेवला, खुर्ची किती तिरकी धरली, उजेड कुठल्या बाजूने घेतला, खुर्चीच्या हातावर चमक कुठे पडू दिली, पाठीवर टाकलेल्या खेसाची घडी कशी मोडली, हे सगळं त्याचं. संदर्भ-फोटो एकच असेल तर टूल बहुधा हेच उचलतं, कारण खुर्चीची दुसरी बाजू त्याने पाहिलेलीच नसते.

तपासणी सोपी आहे. फोटोशॉपमध्ये किंवा लेअर असलेल्या कुठल्याही एडिटरमध्ये मूळ फोटो खाली ठेवा आणि तुमच्या चित्रातली खुर्ची कापून वर आणा. दोन्ही कृष्णधवल करा. आकार लहानमोठा करून पाय पायांवर जुळवा आणि वरच्या लेअरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे दोन्ही सारखं तिथे काळं दिसतं. कडा, चमक आणि सावल्या काळ्यात विरून गेल्या तर तुम्ही खुर्ची नव्हे, फोटो उचललाय. रंग बदलल्याने किंवा चित्र आडवं उलटवल्याने यातून सुटका होत नाही. उलटवलेलं असेल तर जुळवण्याआधी परत सुलटं करून बघा.

यावर खरा उपाय म्हणजे संदर्भ स्वतः काढणं. जवळच्या दुकानात तशीच खुर्ची बघा, दुकानदाराला विचारा आणि चार-पाच कोनांतून मोबाइलवर फोटो घ्या. खोलीचा फोटो ज्या उंचीवरून काढला त्याच उंचीवरून, आणि खोलीत उजेड खिडकीतून डावीकडून येत असेल तर खुर्चीवरही डावीकडूनच. परवानगीचा प्रश्न मिटतो आणि चित्रही जास्त खरं वाटतं. परक्या फोटोवरून बसवलेली खुर्ची बऱ्याचदा हवेत तरंगल्यासारखी दिसते, कारण तिची सावली खोलीच्या उजेडाशी जुळत नाही.

खुर्चीच्या आकारावर नोंदणीकृत डिझाइनचा हक्क असू शकतो. तो आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. पण तो हक्क तशी वस्तू बनवण्या-विकण्याशी निगडित आहे. तुम्ही खुर्च्या विकत नाही, त्यामुळे ती बाजू इथे दुय्यम. जाता जाता एक मात्र सांगतो: खोलीत नसलेली खुर्ची बुकिंगच्या फोटोत दाखवली, तर कॉपीराइटआधी पाहुण्याची तक्रार येईल. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा वेगळा विषय आहे.

आता वाचकांचे आणखी काही प्रश्न.

मी इंटेरिअरची कामं करते. क्लायंटला फक्त दाखवायला असं स्वॅप केलं तर ‘फेअर युज’ होतं ना?

‘फेअर युज’ हा अमेरिकेतला शब्द आहे, आपल्याकडे कलम ५२ आहे. त्यातलं ‘फेअर डीलिंग’ ठरावीक कारणांपुरतंच चालतं: खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. स्वतःच्या घरात खुर्ची कशी दिसेल हे बघायला कुणी स्वॅप केलं तर ते खासगी वापरात बसवता येईल. तुम्ही फी घेऊन करता, तेव्हा त्या कलमावर भिस्त ठेवू नये. तेच चित्र पोर्टफोलिओत टाकलं, तर खासगी म्हणायला काही उरतच नाही. खाली ‘फोटो सौजन्य’ लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. खुर्ची सुचवून तुम्ही कंपनीची विक्रीच करता, तेव्हा थेट कंपनीकडे चित्रं मागा, आणि वापराच्या अटींसकट मागा.

दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर विचारलं, तो ‘ओके’ म्हणाला. पुरे का?

‘ओके’ नेमकं कशाला, ते कळत नाही. शिवाय फोटो त्याचा नसेलही. बरेच दुकानदार कंपनीच्या कॅटलॉगमधले फोटो पुढे टाकतात, आणि जे आपलं नाही त्याची परवानगी देता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा. लायसन्स लेखी हवं आणि मुदत व प्रदेश लिहिले नसतील तर कायदा ५ वर्षं आणि भारत एवढंच धरतो. तुमची वेबसाइट परदेशातले पाहुणेही बघत असतील तर हे महत्त्वाचं. मजकूर असा असू द्या:

“हा फोटो तुम्ही स्वतः काढला आहे का, की त्याचे हक्क तुमच्याकडे आहेत? यातली खुर्ची संदर्भ म्हणून वापरून मी माझ्या खोलीच्या फोटोत बसवणार आहे. त्यासाठी फोटो एडिटिंग टूलवर चढवावा लागेल आणि त्यात बदल होतील. तयार चित्र माझ्या वेबसाइटवर आणि जाहिरातीत, जगभर, १० वर्षं वापरेन. मोबदला: … परवानगी असल्यास ‘वरील सर्व मान्य’ असं नावासह लिहा.”

टूलवर चढवण्याचा उल्लेख गाळू नका. ‘वेबसाइटवर वापरा’ एवढ्या परवानगीत बदल करणं आणि तिसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणं येतं की नाही, यावरून नंतर वाद होतो. संभाषण एक्सपोर्ट करून मूळ फोटोच्या फाइलसोबत ठेवा. फोन बदलला की चॅट बऱ्याचदा हरवतं.

माझ्याच लग्नातल्या फोटोतली नथ दुसऱ्या फोटोत बसवायची आहे. फोटो स्टुडिओने काढले होते.

मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो (कलम १७), पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. स्टुडिओच्या बुकिंग फॉर्ममागची बारीक अक्षरं वाचा. ‘हक्क स्टुडिओकडे’ अशी ओळ तिथे बऱ्याचदा असते. मित्राने फुकट काढलेला फोटो असेल तर मालक मित्रच. संदर्भ देताना नथीपुरताच फोटो कापा, नाहीतर टूल नाकाचा कोन आणि गालाची छटाही ओढून आणतं.

विकिमीडिया कॉमन्सवरचा, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY-SA लायसन्सचा फोटो चालेल का?

चालेल, पण तुमचं स्वॅप केलेलं चित्र त्या फोटोवरून घडलेलं ठरलं तर ते त्याच लायसन्सखाली द्यावं लागेल, म्हणजे शेजारचा होमस्टेवालाही ते वापरू शकेल. लेखकाचं नाव, लायसन्सचा दुवा आणि बदल केल्याची नोंद हवी. लायसन्समध्ये ND असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही. NC असेल तर व्यवसायासाठी वापरू नका. CC0 म्हणजे मालकाने हक्क सोडून दिलेला फोटो, तो सर्वांत निर्धोक.

कोपऱ्यातला वॉटरमार्क कापून मग संदर्भ दिला तर?

मग तुमची बाजू आणखी पडेल. मालकाची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणं हा कलम ६५बी खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘फोटो कुणाचा ते माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोयही राहत नाही, कारण नाव वाचल्याशिवाय ते कापलं कसं?