दिवाळीचा फोटो आणि कार्डावरचे ६० हजार

«स्टुडिओची दिवाळी मिनी-सेशनची जाहिरात आली आहे. फक्त १२ स्लॉट. ३,५०० रुपयांत २० मिनिटं, ४ माणसं, ५ फोटो. ८,००० मध्ये ४५ मिनिटं, ६ माणसं, १५ फोटो आणि अल्बम. आम्ही सहा जण आहोत. कोणतं घ्यावं? पैसे क्रेडिट कार्डावर देणार आहे. कार्डाचे ६० हजार थकलेत, पण दरमहा किमान ३ हजार न चुकता भरते, बोनस आला की सगळं फेडू. १ लाख २० हजारांची एफडी आहे, ती मोडायची नाही.» – एक वाचक, ठाणे

ताई, छोटं पॅकेज घ्या. दोन जादा माणसांचे पैसे विचारून घ्या. माणशी ४०० धरले तरी ४,३००. बिल फुगतं ते नंतर फोटो निवडताना. स्टुडिओ तीसेक फोटो दाखवतो, त्यातले दहा आवडतात आणि पाच जादा फोटोंचे ३०० प्रमाणे १,५०० लागतात. म्हणून पाचच घ्यायचे हे आधीच ठरवा. सहा जणांचा फोटो सर्वांत आधी काढा, लहान मूल कंटाळायच्या आत. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा: किमतीत जीएसटी धरला आहे का, आणि मूल आजारी पडलं तर तारीख बदलून मिळेल का.

पण हे पैसे कार्डावर मुळीच देऊ नका. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं.

आणि ‘न चुकता भरते’ यात समाधान मानू नका. साधारण साडेतीन टक्के महिना व्याज, म्हणजे ६० हजारांवर २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळपास २,५००. तुमच्या ३ हजारांतून मुद्दल फिटतं जेमतेम ५००. पुढे काहीही खरेदी केली नाही आणि हप्ता ३ हजारच ठेवला, तरी फिटायला साडेतीन वर्षं लागतील आणि एकूण १ लाख ३० हजारांच्या आसपास जातील. किमान रकमेचा उपयोग लेट फी टाळण्यापुरता. कर्ज फेडण्याचा तो मार्ग नव्हे, आणि बँक तो तसा भासू देते याचा मला मनापासून राग येतो.

दुसरीकडे ६० हजारांची एफडी ७ टक्क्यांनी महिन्याला ३५० रुपये देते, तेही कर कापण्याआधी. साडेतीनशे मिळवायला अडीच हजार घालवताय! बोनसची वाट पाहू नका. हातात न आलेल्या पैशावर आजचं व्याज थांबत नाही. या आठवड्यात एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा व्याजदरातून अर्धा ते एक टक्का, म्हणजे १ लाख २० हजारांवर वर्षाला सहाशे ते बाराशे रुपये. ६० हजार कार्डावर भरा, उरलेल्या रकमेची नवी एफडी करा आणि फोटोचे पैसे पगारातून यूपीआयने द्या.

पुढच्या स्टेटमेंटला थोडं व्याज दिसेल, ते भरणा होईपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही पूर्ण भरा, आणि देय रक्कम शून्य दिसेपर्यंत कार्ड वापरू नका.