कवितेच्या माथ्यावरची ओळ

प्रिय बेटा,

तुझी पंपावरची कविता मिळाली. कवितेबद्दल पुढे बोलूच, पण आधी तिच्या माथ्यावर तू जे लिहिलंस त्याबद्दल. उजवीकडे बारीक अक्षरात अर्पण आहे, 'फवारणीत गेलेल्या बाबांस'. त्याखाली तुकोबांची अर्धी ओळ आहे, 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग'. मग कविता सुरू होते. ती इथे उतरवून घेतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

खुंटीले पंप टांगला हाये
माय रोज त्याले फडक्यानं पुसते
भाऊ म्हणते, विकून टाकू, पैसे येतीन
माय म्हणते, राहू दे
कपाशीवर अळी आली तवा
शेजारचा मांगाले आला पंप
मायनं नाही म्हटलं
पह्यल्यांदा कोनाले नाही म्हटलं
पट्ट्याले बाबाच्या खांद्याचा वास हाये अजून

मी हिच्या दोन प्रती केल्या. एकीवर तुझ्या वरच्या दोन्ही ओळी ठेवल्या, दुसरीवर फक्त कविता. पहिली प्रत आपल्या वाचनालयातल्या बाईंना दिली, दुसरी कृषी केंद्रात बसणाऱ्या पोराला. दोघांनाही सांगितलं की चौथ्या ओळीवर थांबायचं आणि काय चाललंय ते सांगायचं. बाई म्हणाल्या, "माणूस विषबाधेनं गेला, आणि ती बाई विष पुसत बसली आहे." पोरगा म्हणाला, "पंप चांगला दिसतो, मंग इकत काऊन नाहीत?" मग दोघांनी पुढचं वाचलं. बाईंच्या मते मायनं शेजाऱ्याला पंप नाकारला तो त्याचा जीव वाचावा म्हणून. पोराच्या मते नवऱ्याची वस्तू हातची जाऊ नये म्हणून. शेवटच्या ओळीवर पोरगा थबकला. बाई थबकल्या नाहीत. घरात कोणीतरी नाही हे त्यांना पहिल्या ओळीआधीच कळलं होतं.

हे दोन्ही अर्थ मला हवेत, आणि तुलाही हवे असणार. पण बघ, विषाचा अर्थ कवितेत कुठेच नाही. तो सगळा भार अर्पणाच्या एका शब्दावर, 'फवारणीत' वर, टाकलेला आहे. माथ्यावरच्या ओळीनं वाचकाला एका बाजूनं उभं करावं, पण कवितेनं जे दाखवायचं ते तिनं सांगून टाकलं की खालच्या ओळींना कामच उरत नाही. विष हवंच असेल तर ते दुसऱ्या ओळीत आण. माय पंप पुसताना नाकाला पदर लावते, एवढंच लिही. आपल्याकडचा वाचक लगेच ओळखेल, आणि शेवटच्या ओळीत त्याच पंपाच्या पट्ट्याला बाबाच्या खांद्याचा वास येतो तेव्हा अंगावर काटा येईल. मग 'फवारणीत गेलेल्या' हे शब्द वरून निघून जाऊ शकतात.

काही जण अशा वेळी अर्पणाऐवजी नुसतं 'यवतमाळ, 2017' असं लिहितात. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. पण हीच ओळ दूरच्या वाचकाला फक्त गाव आणि साल सांगते. कविता तुला दोघांसाठी हवी असेल, तर तिनं वरच्या ओळीशिवायही उभं राहायला हवं.

आता राहिलं 'बाबांस'. गेले ते तुझे मोठेबाबा. तुझे बाबा, देवाच्या कृपेनं, अजून वावरात जातात. कवितेतला 'बाबा' चुलत भावाच्या तोंडून येतो आणि ते अगदी योग्य आहे, कवितेत बोलणारा कोणीही असू शकतो. अर्पण मात्र कवितेच्या बाहेर असतं. ते कवी स्वतःच्या नावानं बोलतो आणि वाचक ते खरं धरतो. तुझ्या सहीच्या कवितेवर 'बाबांस' वाचलं की लोक तुझ्याच घरी दुःख आहे असं समजतील, नऊच्या नऊ ओळी तुझी आपबीती होतील आणि पुढच्या संमेलनात कोणीतरी येऊन तुझं सांत्वन करेल. म्हणून नुसतं 'मोठ्याबाबांस' लिही. ते गेले की आहेत, हे त्यावरून कळत नाही. जिवंत माणसालाही कविता अर्पण होते. आणि शेवटी 'बाबा' आला की लक्ष देऊन वाचणाऱ्याला कळेल, पुतण्या त्या घरात उभा राहून भावाच्या आवाजात बोलतोय.

तुकोबांची ओळ मी काढून टाकीन. का, ते सांगतो. मूळ चरण पुढे 'अंतर्बाह्य जग आणि मन' असा जातो. म्हणजे युद्ध बाहेर जगाशी आहे तसंच आत मनाशी आहे, आणि अभंगाचा शेवट नामाच्या बळावर होतो. तू अर्ध्यावर तोडलंस तेव्हा फक्त बाहेरचं युद्ध उरलं. त्यानं तुझा पंप हत्यार झाला, माय लढवय्यी झाली. ती तर फडकं घेऊन बसली आहे! शिवाय ज्याला अभंग पाठ आहे तो राहिलेला अर्धा चरण मनात म्हणतोच. तो तुला थांबवता येत नाही. अवतरण घेताना न घेतलेल्या ओळीही सोबत येतात. त्या तुझ्या कवितेला चालतील का, हे मूळ रचना पूर्ण वाचून ठरवायचं.

इंग्रजी कवी एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. 1922 मध्ये ती छापली गेली. त्याआधी माथ्यावर त्यानं कॉनरॅडच्या कादंबरीतल्या कुर्ट्झ या पात्राचे 'भयंकर! भयंकर!' हे मरतानाचे उद्गार घातले होते. ते पुरेसे वजनदार आहेत का, अशी शंका त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंडनं घेतली. मग तिथे पेट्रोनिअस या रोमन लेखकाच्या पुस्तकातली भविष्य सांगणारी सिबिल आली. बाटलीत टांगलेली, अमर पण म्हातारी होत जाणारी, आणि मुलांनी "तुला काय हवं?" विचारल्यावर "मला मरायचंय" म्हणणारी. याच्याच खाली पहिली ओळ येते ती एप्रिल हा सर्वांत क्रूर महिना आहे अशी. आपण विदर्भातली माणसं, एप्रिल क्रूर म्हटलं की ऊनच डोळ्यांपुढे येतं. तिथला एप्रिल मात्र वसंत आहे, मेलेल्या मातीतून फुलं उगवणारा. मग तो क्रूर कसा? सिबिल वाचून आलेल्याला ते कोडं पडत नाही. ज्याला मरण हवं त्याला परत जागं करणं हीच क्रूरता. कुर्ट्झ वर राहिला असता, तर वाचक भीती घेऊन खाली उतरला असता. खालची ओळ तीच, पण तिच्यात शिरायचा दरवाजा वेगळा. ते अवतरण पहिल्या ओळीचा अर्थ सांगून टाकत नाही, फक्त तिच्याकडे कुठून बघायचं ते ठरवतं.

एक गोष्ट व्यासपीठाची. कागदावर वाचक वरची बारीक ओळ गाळून कवितेत शिरू शकतो आणि नंतर परत वर येऊ शकतो. कविसंमेलनात ती तू मोठ्यानं म्हणतोस, लोक माना खाली घालतात, आणि मग कविता कोणी ऐकत नाही, श्रद्धांजली ऐकतात. चांगलं-वाईट बोलायचीही कोणाची छाती होत नाही. दारव्ह्याला वाचशील तेव्हा अर्पण म्हणूच नकोस. थेट 'खुंटीले पंप टांगला हाये' पासून सुरू कर.

पदराची ओळ घालून नवी प्रत पाठव. मी ती पुन्हा दोघांना देतो, या वेळी वरचं अर्पण कृषी केंद्रातल्या पोराकडे आणि नुसती कविता बाईंकडे.

तुझा,
काका