फ्रायरची खालची खूण

प्रश्न: नाश्त्याच्या गाड्यासाठी 6 लिटरचा इलेक्ट्रिक फ्रायर घेतलाय. टेंपरेचर कितीवर ठेवायचं? तेल खुणेपर्यंत भरायलाच पाहिजे का, कमी चालत नाही का? आणि रोज धुवायचा का?

कमी चालत नाही. माझा यात आठ महिने अपमान झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगलीत विश्रामबागला आमचा वडापाव आणि फ्राईजचा गाडा आहे. कढई आणि गॅसवर सहा वर्षं काढली, मग फ्रायर घेतला. अडीच हजार वॅटचा, एका टाकीचा, कॉइल उचलून बाहेर काढता येते तसला. टाकी 6 लिटरची म्हणजे 6 लिटर तेल घालायचं असं नसतं. मी मापाने ओतून बघितलं तर खालच्या खुणेला साडेतीन लिटर आणि वरच्या खुणेला साडेचार लिटर बसलं. तुम्हीही एकदा गार तेल मापाने ओतून बघा, म्हणजे रोज डोळ्याला सवय होईल. खूण गार तेलातच बघायची. तापल्यावर तेल साधारण दहाव्या हिश्श्याने फुगतं, त्यात वडे पडले की आणखी चढतं. वरच्या खुणेला चिकटून भरलं तर ओल्या पिठाच्या फेसाबरोबर तेल ओट्यावर येतं. मी चार लिटर घालते.

आमच्या दिरांचं म्हणणं वेगळं होतं. मी दुपारी घरी असायचे तेव्हा गाड्यावर ते असायचे. त्यांचा हिशोब असा की कढईत आपण दीड लिटरवर वडे तळत होतो, मग या डब्याला चार लिटर कशाला? ते अडीच लिटर घालायचे. तेल कमी म्हणून लवकर तापायचं, आणि वडे टाकले की गारही लवकर पडायचं. त्यावर त्यांनी उपाय काढला, नॉब 190 वर. दुपारी घेतलेला वडा वरून काळपट आणि आत बटाटा कोमट, अशी तक्रार घेऊन कॉलेजची मुलं संध्याकाळी माझ्यापुढे यायची.

एका शनिवारी ऐन गर्दीत फ्रायर बंद पडला. दिवा लागेना, काही नाही. आदल्या रात्री मी टाकी धुतली होती, त्यामुळे भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्ही पाणी मारलं त्याच्यावर. कॉइल गेली." सासूबाईंनाही तेच पटलं. मिरजेच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि कॉइल बदलावी लागेल म्हणाला. ती किंमत ऐकून मी फ्रायर तसाच परत आणला आणि घरी पुस्तिका काढून वाचली. कॉइलच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, टोपण फिरवून काढलं की एक छोटं लाल बटण असतं. ते दाबलं. टक् असा आवाज झाला आणि फ्रायर सुरू झाला.

ते बटण काय असतं हे कळलं की सगळं भांडण मिटतं. फ्रायरमध्ये दोन थर्मोस्टॅट असतात. एक तुमच्या नॉबचा. दुसरा निव्वळ सुरक्षेचा. तेल फारच तापलं, साधारण 230 च्या आसपास गेलं, की तो वीज तोडतो आणि हाताने दाबल्याशिवाय परत जोडत नाही. दोन्हींच्या धातूच्या कांड्या कॉइलला लागून तेलात बुडलेल्या असतात. टाकीत चार लिटर तेल असलं की कॉइल पूर्ण बुडते, उष्णता सगळ्या तेलात पसरते आणि कांडीला खरं तापमान कळतं. अडीच लिटरमध्ये आमच्या कॉइलचा वरचा अर्धा भाग तेलाबाहेर उघडा राहत होता. उघड्या कॉइलची उष्णता घ्यायला काही नाही, ती लाल होते, तिच्यावरचा तेलाचा थर जळून धूर येतो. जे थोडं तेल खाली आहे ते इतक्या झपाट्याने तापतं की नॉबचा थर्मोस्टॅट तोडेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. आगही इथूनच लागू शकते.

पुरावा कॉइलवरच होता. तिच्या सळ्यांच्या वरच्या अंगाला काळी, डांबरासारखी कडक पापडी आणि खालचं अंग स्वच्छ. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. ती तेलाची पातळी होती. पाण्याने बिघाड झाला असता तर मेनबोर्डावरचा स्विच पडला असता किंवा शॉक बसला असता. लाल बटण पाण्याने उडत नाही. मी हे भाऊजींना कॉइल हातात देऊन दाखवलं. त्यांनी बघितलं आणि "असेल" म्हणाले. त्याच बटणावर फ्रायर आजही चालतोय, कॉइल तीच आहे.

आता नॉब. वडा 175, कांदाभजी 165 ते 170, फ्रोझन फ्राईज 180. आमच्याकडे 190 ला काहीही जात नाही. नॉब वर नेला की लवकर तापतं हा समज निव्वळ चुकीचा आहे. गॅसची ज्योत मोठी होते तशी कॉइल मोठी होत नाही. ती एकतर पूर्ण चालू असते नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. नॉब फक्त कुठे बंद व्हायचं ते सांगतो. मी घड्याळ लावून बघितलंय. चार लिटर तेल 175 ला यायला दहा मिनिटं लागली, नॉब 175 वर असो की 190 वर. फरक एवढाच की 190 वर ठेवलं तर ते 175 ला थांबलं नाही.

तेल किती गार पडतं ते ठरतं तेल किती आहे त्यावर. एका रविवारी मुद्दाम सुईचा थर्मामीटर घेऊन बसले. आठ वडे एकदम सोडले तर चार लिटरचं तेल 175 वरून 160 ला आलं आणि दोन-तीन मिनिटांत सावरलं. अडीच लिटरचं 140 च्याही खाली गेलं. तेवढ्या थंड तेलात बेसनाचं आवरण पटकन धरत नाही, वडा तेल पितो. कमी तेल घालून भाऊजी जे तेल वाचवत होते, ते गिऱ्हाइकाच्या कागदावर उतरत होतं. शिवाय अडीच लिटर दुसऱ्या दिवशी काळं पडायचं आणि टाकावं लागायचं, म्हणजे रोजचं सव्वा लिटर. माझं चार लिटर गाळून चार दिवस जातं, म्हणजे रोजचं एक लिटर. वड्यांबरोबर जाणारं तेल दोन्हीकडे वरून भरावंच लागतं. वाचलं कुठे?

पहिल्यांदा दिवा विझला की लगेच वडे टाकू नका. वरचं तेल तापलेलं असतं, खालचं नाही. झाऱ्याने एकदा हलवा, दिवा पुन्हा लागून पुन्हा विझू द्या.

आणि घाण्याचं शेंगतेल यात घालू नका. आपल्याकडे घरोघरी तेच चालतं, मलाही तेच आवडतं, पण ते साधारण 160 लाच धुरायला लागतं. फ्रायरला रिफाइंडच.

जाळीबद्दल. वडे जाळीत ठेवून जाळी बुडवली तर ओलं पीठ तारांना धरतं आणि सोडवताना आवरण फाटतं. आधी रिकामी जाळी तेलात उतरवा, मग वडा हाताने तेलाजवळ नेऊन सोडा. फ्राईजला उलटं. जाळी निम्मीच भरायची, टाकीबाहेर झटकून बर्फाचा चुरा पाडायचा, मग हळूहळू उतरवायची. फेस वर आला की उचलायची, बसला की पुन्हा सोडायची. तळून झाल्यावर जाळी कडेच्या हुकाला अडकवून निथळू द्या. मीठ टाकीवर धरून टाकायचं नाही, परातीत.

धुण्याचं. रोज पाण्याने धुवायची गरज नाही, रोज गाळायची मात्र आहे. प्लग काढायचा, तेल कोमट होऊ द्यायचं, दुहेरी मलमलीतून गाळायचं आणि टाकीच्या तळाचा चुरा कागदाने पुसून काढायचा. कॉइलच्या खालचं तेल कमी तापतं म्हणून चुरा तिथे बसतो आणि जळत नाही. पण चार दिवसांचा साठून कॉइलला टेकला की जळतो आणि नवं तेलही कडू करतो. आठवड्यातून एकदा मी टाकीत खुणेपर्यंत पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालते, नॉब 90 वर ठेवून वीस मिनिटं समोर उभी राहते, मग ब्रशने घासून दोनदा साध्या पाण्याने काढते. कॉइलचं डोकं, म्हणजे नॉब आणि वायरचा भाग, पाण्यात कधीच नाही. तो ओल्या फडक्याने पुसायचा.

इथे एक गोष्ट मला भाऊजींच्या बाजूची मान्य आहे. पाण्याची भीती खरी आहे, फक्त ती कॉइल जाण्याची नाही. टाकीत पाणी राहिलं तर ते तेलाखाली, त्याच थंड जागेत बसतं. वरचं तेल 150 झालं तरी ते गप्प असतं आणि मग एकदम वाफ होऊन उसळतं, तेल बाहेर फेकतं. नळाची टाकी असेल तर नळाच्या मानेतही पाणी अडकतं. म्हणून धुतलेली टाकी कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर पालथी ठेवायची. तेल तापताना खालून पट्-पट् आवाज यायला लागला की लगेच बंद करा, गार होऊ द्या, तेल काढा.

तेल कधी टाकायचं तर 1 जुलै 2018 पासून नियम आहे, तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. वडे काढल्यावरही फेस बसत नसेल किंवा 170 लाच धूर येत असेल तर मी टाकते, मग तो दुसराच दिवस असला तरी.

लाल बटणाबद्दल लिहायचं राहिलं. ते दाबायचं तेल गार झाल्यावर, प्लग काढून, आणि पातळी बघून. तेल खुणेपर्यंत असूनही ते पुन्हा उडालं तर नॉबचा थर्मोस्टॅट चिकटला आहे, बदलून घ्या, दाबत बसू नका. आणि गाड्यावर 16 अँपिअरचाच सॉकेट असू द्या. आमचा पहिला साधा बोर्ड प्लगच्या तोंडाशी वितळला होता, त्यात मात्र चूक माझीच होती.