कॉन्टॅक्ट म्हणजे थांबा नव्हे: वॉक सायकलमध्ये वजन कुठून येतं

प्रश्न: टू-डी ॲनिमेशन शिकतोय. बाजूने दिसणारी वॉक सायकल केली आहे. कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप हे चारही पोज पुस्तकात असतात तसेच काढले, इन-बिटवीन टाकले. तरी कॅरेक्टर हवेत तरंगत चालल्यासारखं वाटतं, पाय जमिनीवरून घसरतात. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचे पोज बहुधा बरोबरच असतील. गडबड त्यांच्या मधल्या ड्रॉइंगमध्ये असणार. कॉन्टॅक्टमध्ये दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात, पोज स्थिर आणि डौलदार दिसतो. त्यामुळे नवीन माणूस त्याला मुक्काम समजतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ड्रॉइंग दाटीने बसवतो. सॉफ्टवेअरकडून इन-बिटवीन करून घेतलेत तरी तेच होऊ शकतं, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये मुळातच प्रत्येक कीवर इझ लावलेलं असतं, म्हणजे कीजवळ हालचाल आपोआप हळू होते. प्रत्यक्षात टाच टेकते त्या क्षणी शरीर खाली पडत असतं. कंबर वरून खाली येण्याच्या मधोमध असते, म्हणजे उभ्या दिशेने तिचा वेग जवळपास सगळ्यात जास्त असतो. तिथेच ती हळू झाली, तर प्रेक्षकाला शरीर दोरीने टांगल्यासारखं दिसतं.

आकडे धरून बघू. सेकंदाला 24 फ्रेम, ड्रॉइंग ऑन टूज म्हणजे प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम, आणि एका पावलाला 16 फ्रेम. साध्या चालीला सहसा 12 फ्रेमचं पाऊल सांगतात. पण 12 चे चार भाग केले की पोज 1, 4, 7, 10 वर येतात आणि ऑन टूजमध्ये 4 आणि 10 वर ड्रॉइंगच नसतं. 16 चं पाऊल थोडं निवांत होतं, पण हिशोब सरळ बसतो: कॉन्टॅक्ट 1, डाउन 5, पासिंग 9, अप 13, आणि दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट 17 वर. पूर्ण सायकल 32 फ्रेमची, 16 ड्रॉइंगची. तेहतिसावी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच, ती एक्स्पोज करायची नाही, नाहीतर प्रत्येक फेरीला अडखळल्यासारखं होतं.

कॅरेक्टर 600 पिक्सेल उंच धरा, पाय 300 चे, पाऊल 200 चं. कॉन्टॅक्टला पाय फाकलेले असल्यामुळे कंबर उभ्या उंचीपेक्षा साधारण 17 पिक्सेल खाली येते. ही तिची जागा शून्य मानू. आता प्रत्येक ड्रॉइंगला कंबर कुठे असेल ते मी असं ठेवेन: फ्रेम 1 ला 0, 3 ला 14 खाली, 5 ला 20 खाली. तिथून 7 ला 12 खाली, 9 ला 2 वर, 11 ला 14 वर, 13 ला 18 वर, 15 ला 12 वर आणि 17 ला पुन्हा 0.

यातली अंतरं बघा. अपपासून निघताना 6, मग 12, मग 14, आणि डाउनला पोहोचताना 6. पडण्याचा वेग वाढत जातो आणि पुढचा गुडघा तो झेलतो. पडतानाच्या सगळ्यात मोठ्या दोन उड्या कॉन्टॅक्टच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. दाटी डाउनला आणि अपला आहे, कारण दिशा तिथे बदलते. तुमच्या फाइलमध्ये कंबरेवर एक लाल ठिपका द्या, बाकीचे लेयर बंद करा आणि ओनियन स्किन लावून ठिपके बघा. ते सारख्या अंतरावर असतील किंवा कॉन्टॅक्टपाशी गर्दी करत असतील, तर रोग सापडला. बाकी काही न बदलता फक्त कंबर या अंतरांवर हलवा आणि पाय तिच्या मागून पुन्हा काढा.

(माणसाच्या खऱ्या चालीत सर्वांत उंच क्षण पासिंगच्या आसपास असतो, शरीर टेकलेल्या पायाच्या बरोबर वर आल्यावर. ॲनिमेशनमध्ये आपण तो थोडा पुढे ढकलतो, चवड्यावर जोर देऊन वर गेल्यासारखा. मला हा ढकललेला अप आवडतो, पण थकलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाला तो देऊ नये.)

आता पाय घसरण्याचं. इथे नेमका उलटा नियम आहे. सायकल जागच्या जागी असते तेव्हा टेकलेला पाय जमिनीबरोबर मागे सरकतो, आणि जमीन कधी इझ होत नाही. पाऊल 200 चं, ड्रॉइंग 8, म्हणजे टाच दर ड्रॉइंगला बरोबर 25 पिक्सेल मागे गेली पाहिजे, ना 24 ना 27. टाच उचलली की तोच 25 चा हिशोब चवड्याला लावायचा, तो जमीन सोडेपर्यंत. या पायाच्या ड्रॉइंगखाली 25-25 पिक्सेलवर खुणा असलेली पट्टी ठेवा आणि प्रत्येक ड्रॉइंग एकेका खुणेवर बसवा. कंबरेला इझ आणि टेकलेल्या पायाला सरळ मोजमाप, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळलं की गुडघा आपोआप कुठे यायचा तिथे येतो. फक्त मांडी आणि पोटरीची लांबी दर ड्रॉइंगला कागदाच्या पट्टीने तपासा. दोन पोजच्या बरोबर मधोमध डोळ्यांनी रेघ मारली की पाय आखूड होतो, आणि वाकलेला गुडघा एका ड्रॉइंगमध्ये एकदम सरळ झाला की झटका दिसतो.

इथपर्यंत शरीराचं स्वतःचं वजन आलं. वजन म्हणजे काय ते हाताला कळायचं असेल, तर याच सायकलवर ओझं चढवा. मी नवीन मुलांना मशीद बंदरला पाठवतो. तिथल्या गल्ल्यांत गोणी पाठीवर घेऊन टेम्पोपासून गोदामापर्यंत चालणारे माथाडी दिसतात. "दादा, चालण्याचा व्हिडिओ घेऊ का?" असं आधी विचारा, आणि वाट न अडवता बरोबर बाजूने घ्या. फोनचा व्हिडिओ सहसा सेकंदाला 30 फ्रेमचा असतो, म्हणजे त्यातल्या 20 फ्रेम आपल्या 16 च्या बरोबरीच्या.

पन्नास किलोची गोणी घेतलेला माणूस वाकून जड पावलं टाकतो, एवढं सगळे काढतात. व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवलात की आणखी दिसतं. पाऊल आखूड असतं, समजा 120, म्हणजे टेकलेला पाय दर ड्रॉइंगला 15 च सरकतो. मागचा पाय जमीन लवकर सोडत नाही, कारण एका पायावर उभं राहण्याचा वेळ त्याला कमीत कमी ठेवायचा असतो. साध्या चालीत मागचा चवडा डाउनच्या आसपास सुटतो. इथे मी डाउन 7 वर ढकलेन, चवडा त्याच सुमाराला सोडवेन आणि पासिंग 11 वर नेईन. उचललेला पाय जमिनीला घासतच पुढे जातो.

कंबर मुळातच 30 पिक्सेल खाली घ्या, म्हणजे गुडघा कधीच पूर्ण सरळ होणार नाही. त्या नव्या शून्यापासून: फ्रेम 1 ला 0, 3 ला 16 खाली, 5 ला 26 खाली, 7 ला 28 खाली, 9 ला 20 खाली, 11 ला 6 खाली, 13 ला 4 वर, 15 ला 5 वर, 17 ला 0. कंबर खाली गेली की तिथेच रेंगाळते, 5 आणि 7 मध्ये फक्त 2 चा फरक आहे. अप मात्र नावापुरता. वर जायला ताकद लागते आणि ती तो माणूस उगाच खर्च करत नाही. जड म्हणून सगळीच चाल सारखी संथ केली, तर माणूस झोपेत चालल्यासारखा दिसतो. कॉन्टॅक्टनंतरचं 16 चं पडणं इथेही वेगवानच आहे.

गोणी शरीराला चिकटवून ठेवू नका. कंबर 7 वर तळाला पोहोचते, गोणीचा खालचा फुगलेला भाग 9 वर. शरीर वर निघालेलं असताना गोणी अजून बसत असते, तिचं पोट पाठीवर थोडं पसरतं. हा एका ड्रॉइंगचा उशीर पुरेसा आहे. दोन ड्रॉइंगचा केलात तर गोणीत पाणी भरल्यासारखं वाटेल. हात गोणीचे कान धरून आहेत, तेव्हा हातांचा झोका नाहीच. त्याऐवजी डाउनला कोपरं किंचित बाहेर आणि मान पुढे.

तोल तपासायला पासिंगच्या ड्रॉइंगवर एक उभी रेघ ओढा. साध्या चालीत ती कंबरेतून निघून टेकलेल्या पायावर पडते. गोणी असताना रेघ कंबरेतून काढू नका. माणूस आणि गोणी मिळून जो आकार होतो त्याच्या मध्यातून काढा, ती टेकलेल्या चवड्यावर आली पाहिजे. टाचेच्या मागे पडत असेल तर पाठ आणखी पुढे वाकवा. पाय सरकवू नका, त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत.

शेवटी सायकल बॅकग्राउंडवर चढवताना एक गोष्ट सांभाळा. गोणीच्या चालीत पाय दर दोन फ्रेमला 15 सरकतो, म्हणजे पॅनही दोन फ्रेमला 15 हवा. पॅन दर फ्रेमला 7.5 ने दिलात तर गणित जुळतं, पण एक फ्रेम जमीन सरकते, पाय नाही, आणि पुढच्या फ्रेमला पाय तिला गाठतो. डोळ्याला ते थरथरल्यासारखं दिसतं, आणि नीट केलेला पायही पुन्हा घसरतोय असं वाटतं. पॅनही ऑन टूज ठेवा. ते खडबडीत वाटलं तर पॅन दर फ्रेमला द्या, पण मग निदान टेकलेले पायही ऑन वन्स करा, वरचं शरीर टूजवर राहिलं तरी चालतं.

दुरुस्त केल्यावर कंबरेच्या ठिपक्यांचा स्क्रीनशॉट इथे टाका, बघून सांगतो.