परफॉर्मन्स गॅरंटी बँक सोडत नाही, काय करू?

मालवणजवळ जेटीच्या दुरुस्तीचं काम पूर्ण केलं, खात्याने ताब्यातही घेतलं. पूर्णत्वाचा दाखला दाखवला तरी बँक गॅरंटी रद्द करत नाही. काय करू?

बँकेचं बरोबर आहे. गॅरंटीत बँकेने शब्द दिलाय तो खात्याला, त्यामुळे मुदत संपण्याआधी त्यातून मोकळं करणारं पत्र खात्याकडूनच यायला हवं. तुमचा दाखला काम झाल्याचं सांगतो, 'आमचा दावा नाही' असं सांगत नाही.

आधी करारातलं दोषदायित्वाचं कलम वाचा; काम झाल्यावर किती काळ दोष तुम्ही दुरुस्त करायचे, ते त्यात असतं. गॅरंटी त्या काळापर्यंत ठेवायची अट असेल, तर पावसाळ्यात काँक्रीट उखडेल या धास्तीने खातं आत्ता सोडणार नाही.

अट नसेल तर कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करा. मूळ गॅरंटी परत मागा, मुदतवाढीची पत्रं असतील तर तीही. सोबत बँकेच्या नावाने पत्र हवं: गॅरंटी क्रमांक, तारीख, रक्कम, आणि 'कोणताही दावा नाही, गॅरंटी मुक्त करावी'. क्रमांकात एक आकडा चुकला तरी शाखा परत पाठवते. पत्र खरं आहे का, हे बँक खात्याला विचारून घेते.

मूळ गॅरंटी आणि खात्याचं पत्र बँकेत देताना, बँकेच्या अर्जात मार्जिनच्या एफडीवरचा बोजा काढायलाही लिहा. तो आपोआप निघेल असं धरून चालू नका.